प्रश्नच नसलेल्या मेसेजला उत्तर: इंदूरला नव्याने आलेल्यांसाठी

बदली होऊन किंवा लग्न होऊन इंदूरला आलेल्या माणसाचा नंबर पहिल्याच आठवड्यात चार ठिकाणी पोचतो. बिल्डिंगचा ग्रुप, सासरचा किंवा नातेवाइकांचा ग्रुप, मराठी मंडळ, आणि वरच्या मजल्यावरच्या एखाद्या काकांची खासगी यादी. मग पहाटे साडेपाचपासून फोन वाजायला लागतो. महाकालाच्या भस्म आरतीचं दर्शन, बुधवारी खजराण्याचा गणपती, गुलाबावर दवाचे थेंब आणि त्याखाली सुविचार. यात कुणीच काही विचारलेलं नसतं, आणि नवखा माणूस नेमका तिथेच अडतो. उत्तर द्यायचं तर कशाला द्यायचं?

आमच्या बिल्डिंगमध्ये पुण्याहून आलेल्या एका मुलाने अशा चित्राला पहिल्याच दिवशी ‘बोला काका’ असं उत्तर धाडलं. काकांना वाटलं, याला काहीतरी बोलायचंय. त्यांनी फोन लावला. ‘हां, बोल बेटा.’ ‘नाही, तुम्ही बोला ना काका.’ बराच वेळ दोघंही एकमेकांना बोला बोला म्हणत राहिले.

अशा मेसेजला फक्त पोच हवी असते. ‘मिळालं, तुम्ही लक्षात आहात’ एवढं समोरच्याला कळलं की काम झालं. पण पोच देण्यातही रीतभात आहे, आणि इंदूरसारख्या गावात तर ती दोन भाषांत आणि दोन पंचांगांत सांभाळावी लागते. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी चित्र नीट वाचा

हसू नका. बहुतेक फजिती चित्र न वाचता अंगठा दाखवल्याने होते. अहिल्यादेवींचंच घ्या. पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात शिवलिंग, असं तेच चित्र इंदूरच्या फोनांवर वर्षातून दोनदा फिरतं. 31 मे ही त्यांची जयंती. पुण्यतिथी मात्र श्रावण वद्य चतुर्दशीला येते, आणि त्या दिवशी गावात पालखी निघते. चित्र तेच असलं तरी खालची ओळ वेगळी असते. जयंतीला शुभेच्छा चालतात. पुण्यतिथीला ‘आपल्यालाही शुभेच्छा’ लिहून वर फुगे उडवले की मंडळातली ज्येष्ठ मंडळी काही बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात. दोन्ही दिवशी बिनधोक चालणारी ओळ म्हणजे ‘विनम्र अभिवादन’. गुड फ्रायडे आणि मोहरम यांचंही तसंच. सुट्टी असली तरी ते आनंदाचे दिवस नाहीत, तेव्हा ‘हॅपी’ शब्द बाजूला ठेवायचा.

मग चित्राच्या वरचा बाण पाहा. एक बाण आणि `Forwarded` दिसलं तर ते दुसऱ्याकडून आलेलं पुढे ढकललं आहे. दोन बाण आणि `Forwarded many times` दिसलं तर ते बऱ्याच हातांतून फिरून आलं आहे. असं चित्र व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवू देतं. त्यामुळे ‘काय सुंदर बनवलंत काकू!’ असं लिहायच्या आधी बाण बघावा. बाण नाही म्हणजे काकूंनीच बनवलं असंही नाही. फोनमध्ये उतरवून ठेवलेलं चित्र गॅलरीतून पाठवलं तर बाण दिसत नाही. पण चित्रासोबत तुमचं नाव घालून एखादी ओळ टाइप केलेली असेल, तर ती खास तुमच्यासाठी आहे. तिला नुसती बदामाची खूण देऊन भागत नाही, शब्दांनीच उत्तर द्यावं.

चित्राच्या तळाशी कुणाचा फोटो आहे का, तेही बघा. सणासुदीला अर्ध्या शुभेच्छांच्या कोपऱ्यात कुणीतरी इच्छुक उमेदवार हात जोडून उभा असतो, नाहीतर साडीचं दुकान. पोच शुभेच्छेला द्या, त्या चेहऱ्यावर काही बोलू नका. पाठवणाऱ्याचं तिकडे लक्षही गेलेलं नसतं. तेच चित्र पुढे ढकलू मात्र नका, नाहीतर नागपूरच्या आत्याला इंदूरच्या वॉर्डातल्या पुढाऱ्याकडून पाडव्याच्या शुभेच्छा जातात.

रोज पाठवणाऱ्यांना

वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका धरू. पहिल्या दिवशी महाकालाचं दर्शन आलं. आता लिहा: ‘जय श्री महाकाल, काका. मी तिसऱ्या मजल्यावरची नवी भाडेकरू, देशपांड्यांच्या घरात आलेय.’ बस. ज्या शब्दाने त्यांनी नमस्कार केला तोच परत करायचा, नात्याची हाक जोडायची, आणि पहिल्या वेळी आपण कोण ते सांगायचं, कारण तुमचा नंबर त्यांच्याकडे नावानिशी नसण्याचीच शक्यता जास्त.

नमस्काराचा शब्द तोच परत करण्याला इथे फार महत्त्व आहे. ‘राम राम’ला राम राम, ‘जय जिनेंद्र’ला जय जिनेंद्र, ‘जय श्रीकृष्ण’ला जय श्रीकृष्ण. ‘जय श्री महाकाल’ला ‘गुड मॉर्निंग अंकल’ म्हटलं तर काही बिघडत नाही, पण ते जरा तुटक वाटतं. संकोच वाटत असेल तर ‘नमस्कार काका’ सगळीकडे चालतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दर्शन येणार, तिसऱ्या दिवशीही. रोज ओळ लिहायची नाही, आणि रोज उलट चित्र तर मुळीच पाठवायचं नाही. चित्राला चित्र दिलं की तो रतीब होतो. एक दिवस चुकला तर तुमचीच चौकशी सुरू होते. त्याऐवजी मेसेजवर बोट दाबून धरा, वर खुणांची पट्टी येते, त्यातली जोडलेल्या हातांची खूण निवडा. ती त्या चित्रालाच चिकटते, नवा मेसेज तयार होत नाही. काकांना दिसतं की तुम्ही पाहिलंत. आठवड्यातले बरेचसे दिवस यावर निभतात.

आठवड्यातून एकदा मात्र एक खरी ओळ लिहावी, आणि ती त्यांच्याबद्दलची असावी. ‘नमस्कार काका. काल गच्चीवर तुमची तुळस पाहिली, पावसाने छान तरारलीय.’ किंवा ‘काकू, परवाच्या गराडू मस्त होत्या.’ गराडू माहीत नसेल तर थंडीत सराफ्यात जाऊन या, हेही इंदूरला नव्याने आलेल्याचं कर्तव्यच आहे.

या ओळीत प्रश्न टाकू नका, ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना. ‘तब्येत कशी आहे?’, ‘मुलगा कधी येतोय?’ असं लिहिलं की समोरच्या सत्तरीच्या माणसावर टाइप करायचं काम पडतं. ते जमत नाही म्हणून मग फोन येतो, आणि तुम्ही तेव्हा ऑफिसला निघण्याच्या घाईत असता. त्यांनी तुम्हाला काही विचारलेलं नव्हतं, तुम्हीही विचारू नका. बोलायला खरंच सवड असेल तेव्हा जरूर विचारा, किंवा सरळ जिना चढून वर जा.

याला एकच अपवाद. रोज न चुकता येणारं दर्शन दोन-तीन दिवस आलं नाही, तर प्रश्न तुम्हीच करायचा: ‘काका, दोन दिवस दर्शन नाही, बरे आहात ना?’ बहुतेक वेळा नेट संपलेलं असतं, नाहीतर काका मुलीकडे भोपाळला गेलेले असतात. क्वचित खरंच काही झालेलं असतं, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते शेजाऱ्याला याच मार्गाने सर्वांत आधी कळतं.

ज्यांचं उत्तर ठरलेलंच असतं

काही सणांची शुभेच्छा म्हणजे अर्धं वाक्य असतं, उरलेलं अर्धं तुम्ही म्हणायचं. संक्रांतीला ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ आलं तर तेच परत म्हणायचं, ‘थँक यू’ नाही. हा हिशेब रथसप्तमीपर्यंत चालतो, त्यामुळे चार दिवस उशीर झाला तरी ओशाळायचं कारण नाही. दसऱ्याला ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’चंही तेच.

इंदूरमध्ये याच जातीचा एक मेसेज नव्या मराठी माणसाला हमखास गोंधळात पाडतो. गणेश चतुर्थीच्या आगेमागे जैन शेजाऱ्यांकडून हात जोडलेलं चित्र येतं: ‘मिच्छामि दुक्कडम्’. खाली हिंदीत लिहिलेलं असतं की वर्षभरात मन, वचन, कायेने आपलं मन दुखावलं असेल तर क्षमा करावी. गणपतीच्या धामधुमीत हे वाचून एकाने काळजीने लिहिलं, ‘अरे भाभीजी, आपने तो कुछ किया ही नहीं!’ भावना चांगली, पण उत्तर अपुरं. संवत्सरीला क्षमा मागतात आणि समोरच्यानेही मागायची असते. म्हणून उत्तर ‘मिच्छामि दुक्कडम् भाभीजी, हमसे भी कोई भूल हुई हो तो क्षमा करें.’ दिगंबर कुटुंबांची क्षमावाणी साधारण पंधरवड्यानंतर, अनंत चतुर्दशी उलटली की येते. तिकडून ‘उत्तम क्षमा’ आलं तर ‘उत्तम क्षमा’च परत करावं. आणि या दिवशी उलट शुभेच्छांचं रंगीबेरंगी चित्र नको. हात जोडलेली खूण पुरे.

श्रावण कोणाचा लागला?

आता एक प्रसंग पूर्ण पाहू, कारण दरवर्षी तो होतो आणि दरवर्षी कुणीतरी दुखावतं.

14 जुलै 2025, सोमवार. शेजारच्या शर्मा भाभींकडून शंकराचं चित्र आलं, ‘सावन के पहले सोमवार की हार्दिक शुभकामनाएँ’. तुम्ही कालनिर्णय पाहता, तर आषाढ चालू. आपला श्रावण लागणार 25 जुलैला आणि पहिला श्रावणी सोमवार 28 तारखेला. भाभी चुकल्या का? नाही. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षाला दोन्हीकडे वेगवेगळ्या महिन्याचं नाव पडतं. ज्या पंधरवड्याला आपण आषाढ वद्य म्हणतो, तोच त्यांचा सावन कृष्ण. शुक्ल पक्ष दोघांचा एकच. शेवटाला हेच उलटं होतं: त्यांचा सावन राखीपौर्णिमेला, 9 ऑगस्टला संपला, आपला अमावास्येपर्यंत, 23 ऑगस्टपर्यंत चालला.

उत्तर द्यायचं ते असं: ‘हर हर महादेव भाभीजी, आपको भी सावन सोमवार की बहुत शुभकामनाएँ.’ जी भाषा आली त्याच भाषेत, आणि त्यांच्या शब्दात. ‘हमारा तो अभी लगा नहीं’ हे खरं असलं तरी ती शुभेच्छेची पोच होत नाही, दुरुस्ती होते. भाभी त्यांच्या सोमवारी तुमची आठवण काढतायत, तिथे पंचांग उघडायचं नाही. त्यांनी विषय काढला किंवा उपासाचं विचारलं, तर मग जरूर समजावून सांगा. उलट 11 आणि 18 ऑगस्टच्या सोमवारी तुम्ही त्यांना श्रावणी सोमवारचं चित्र धाडलंत, तर बुचकळ्यात पडायची पाळी त्यांची. तेव्हा त्या जर ‘हर हर महादेव’ एवढंच म्हणाल्या, तर त्यांना ही रीत आधीपासून ठाऊक आहे असं समजा.

खरी ठिणगी पडते ती घरच्या ग्रुपवर. कुणी इंदुरी भाचा भाभींचंच चित्र तिकडे ढकलतो, लगेच पुण्याच्या मावशींचं उत्तर येतं, ‘आपला श्रावण अजून लागायचाय रे!’, मग ग्वाल्हेरचे मामा दोन्ही पंचांगांचे फोटो टाकतात. नव्या सुनेने किंवा जावयाने यात पडू नये. भाच्याच्या चित्राला हात जोडायचे, मावशींच्या मेसेजला काहीच करायचं नाही. मावशींच्या मेसेजवर अंगठा दिला तर भाच्याला लागतं, आणि हसरा चेहरा दिला तर दोघांनाही.

वटसावित्रीचंही असंच. हिंदी भाषक बायकांचं व्रत अमावास्येला, आपलं पौर्णिमेला. 2025 मध्ये एक 26 मे रोजी होतं, दुसरं 10 जूनला. शुभेच्छा ज्या दिवशी येईल त्या दिवशी घ्यावी आणि तशीच परत करावी. रंगाच्या बाबतीत तर दोन फेऱ्या धरूनच चाला, एक धुळवडीला आणि दुसरी रंगपंचमीला. इंदूरमध्ये दुसरी फेरीच मोठी असते, त्या दिवशी राजवाड्यावर गेर म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक निघते आणि गावाला सुट्टी असते. ‘होळी तर झाली ना?’ असं उत्तर त्या दिवशी इंदूरकराला देऊ नये.

ग्रुपवर

इथे हिशेब सोपा आहे. चाळीस जणांच्या ग्रुपवर तुमचं ‘धन्यवाद’ चाळीस फोनांवर वाजतं. रोजच्या चित्राला खूण द्या, किंवा काहीच देऊ नका. ग्रुपवरच्या गप्प माणसाला कुणी उद्धट समजत नाही. सणाच्या दिवशी मात्र सगळ्यांसाठी मिळून एकच मेसेज, तोही स्वतः टाइप केलेला. नव्या सुनेला पाडव्याला असा चालेल: ‘सर्वांना गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा. वडीलधाऱ्यांना नमस्कार, छोट्यांना खूप प्रेम.’ ‘लहानांना आशीर्वाद’ ही ओळ दुसरीकडून उचलू नका. ती आजेसासूबाईंची ओळ आहे, पंचविशीतल्या माणसाच्या तोंडी विनोदी वाटते.

ज्या ज्येष्ठांनी ग्रुपवर टाकूनही तुम्हाला वेगळं पाठवलं असेल, त्यांना वेगळंच उत्तर हवं. सासऱ्यांच्या मोठ्या भावाला ग्रुपवरच्या एकत्र मेसेजमध्ये उरकलं तर ते जाऊबाईंमार्फत तुमच्यापर्यंत पोचतं. बाकीच्यांचं काही नाही.

घरात दुःख असेल तेव्हा

वर्षभरात घरात कुणी गेलं असेल तर त्या घरी सण नसतो, आणि नेमकं दिवाळीला त्याच घराच्या फोनवर शंभर पणत्या येऊन पडतात. पाठवणाऱ्याने बहुधा यादीतल्या सगळ्यांना एकदम धाडलेलं असतं, त्याला सुचलेलं नसतं. तुमच्यावर ही वेळ आली तर रागावून गप्प बसण्यापेक्षा एवढं लिहा: ‘मेसेज मिळाला, आठवण ठेवलीत. यंदा बाबा गेल्यामुळे आमच्याकडे दिवाळी नाही.’ समजणारा समजतो आणि उरलेल्यांना सांगतोही.

उलट बाजूही आहे. दुःखातल्या माणसाकडूनच रोजचं सकाळचं चित्र पुन्हा सुरू झालं, तर त्यावर सांत्वनाचा परिच्छेद लिहू नका. ते रोजच्या आयुष्याकडे परत येतायत, त्यांना नेहमीचाच नमस्कार द्या. आणि त्यांना सणाचं चित्र पाठवू नका. माळव्यात होळीला गमीच्या घरी जाऊन गुलालाचं बोट लावायची रीत आहे; तिथे फोनने भागत नाही, जाऊनच यावं.

ज्याला उत्तरच द्यायचं नाही

शुभेच्छेत लिंक असेल, ‘आपका नाम देखने के लिए यहाँ छुएँ’ असं काही असेल, किंवा चित्राच्या जागी `.apk` ने संपणारी फाइल असेल, तर पोच वगैरे विसरा. चित्र बघायला फोनमध्ये काही बसवावं लागत नाही. ती फाइल ओळखीच्या काकांकडून आलेली असली तरी उघडू नका, त्यांचाच फोन कुणाच्या ताब्यात गेला असू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारू नका, कारण तिकडून उत्तर देणारा काका नसेलही. साधा फोन लावा. कुणी ती फाइल उघडून बसलं असेल तर आधी नेट बंद करायला सांगा आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच तक्रार नोंदवायची. हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी क्रमांक आहे, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

राहता राहिला भरलेला फोन. `Settings` मध्ये `Storage and data`, त्यात `Media auto-download` उघडा आणि मोबाइल डेटा व वाय-फाय दोन्हींसाठी फोटोवरची खूण काढून टाका. मग चित्र आपोआप उतरत नाही, धूसर दिसतं, आणि तुम्ही बोट लावलं तरच येतं. धूसर चित्रावरही हात जोडता येतात. फक्त जयंती आहे की पुण्यतिथी, ते आधी उतरवून बघा.